स्लाइडवर चेहऱ्याची जागा कुठे?

पुस्तपालनाच्या खात्यात सगळ्यात महत्त्वाचा आकडा बहुधा उजवीकडे खाली येतो. वर्षअखेरची शिल्लक तिथे लिहितात, बेरीज तिथे जुळते. आधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या तासात शिक्षकाच्या चेहऱ्याची छोटी चौकटही बहुतेक जण नेमकी तिथेच बसवतात. विद्यार्थी मोबाइलवर तास बघतो, खातं ओळीओळीने भरत जातं आणि शेवटची रक्कम सरांच्या खांद्यामागे जाते. शिक्षकाला हे रेकॉर्डिंग करताना कळत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या पडद्यावर स्लाइड पूर्ण दिसत असते. चौकट पुढे सॉफ्टवेअर चढवतं.

चेहऱ्याची चौकट ही स्लाइड झाल्यावर वर चिकटवायची वस्तू मानली की असं होतं. तिची जागा, तिचा आकार आणि ती कधी दिसणार, हे स्लाइड बनवण्याआधी ठरलं पाहिजे. ते कसं ठरवायचं हे एका तासाच्या आधाराने पाहू. समजा, अकरावी वाणिज्यच्या एका शिक्षिकेला घसाऱ्यावर आठ मिनिटांचा तास रेकॉर्ड करायचा आहे. उदाहरण सोपं आहे : १ एप्रिल २०२१ रोजी १,००,००० रुपयांचं यंत्र घेतलं. घटत्या शिलकेवर दरवर्षी १० टक्के घसारा काढायचा आणि तीन वर्षांचं यंत्र खातं तयार करायचं. पहिल्या वर्षी घसारा १०,०००, शिल्लक ९०,०००. दुसऱ्या वर्षी ९,००० आणि ८१,०००. तिसऱ्या वर्षी ८,१०० आणि ७२,९००. बाईंकडे एक लॅपटॉप आहे, त्याचाच कॅमेरा आहे आणि मोबाइलसोबत आलेला वायरचा इअरफोन आहे. एवढं सामान पुरतं.

चेहरा हवा तरी कशाला?

हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. २०१४ साली फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडेक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या चार अभ्यासक्रमांत व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. नुसत्या स्लाइड असलेल्या व्हिडिओंपेक्षा, अधूनमधून शिक्षकाचा चेहरा दिसणारे व्हिडिओ विद्यार्थी जास्त वेळ पाहत होते. लांबीबद्दलही त्यात स्पष्ट उत्तर मिळालं. व्हिडिओ कितीही मोठा असला तरी पाहण्याचा मध्यम वेळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता.

त्याच वर्षी रेने किझिलसेक आणि सहकाऱ्यांनी प्रेक्षकांचे डोळे नेमके कुठे फिरतात हे मोजलं. चेहरा पडद्यावर असताना प्रेक्षक सुमारे ४१ टक्के वेळ त्या चेहऱ्याकडेच बघत होते. त्यांना चेहरा असलेला व्हिडिओ अधिक आवडला. पण शिकवलेलं किती लक्षात राहिलं, यात चेहरा असण्या-नसण्याने लक्षणीय फरक पडला नाही.

दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की वाट दिसते. चेहरा विद्यार्थ्याला धरून ठेवतो, पण त्याच्या डोळ्यांचा मोठा वाटाही घेतो. ‘घसारा म्हणजे काय’ हे समजावताना तो वाटा द्यायला हरकत नाही. त्या वेळी बाईंचा चेहरा, हातवारे, एखाद्या शब्दावरचा जोर, हे सगळं शिकवण्याचाच भाग असतं. खात्यात ९,००० ही रक्कम कुठून आली हे विद्यार्थी शोधत असताना मात्र त्याची नजर खात्यावरच हवी. म्हणून चेहरा आठही मिनिटं ठेवू नये. तो यावा, जावा आणि पुन्हा यावा.

बाईंचा तास मग असा आखता येतो. पहिलं मिनिट पडदाभर चेहरा : आज काय करायचं आहे. पुढची दोन मिनिटं स्लाइड आणि बाजूला चेहरा : घसाऱ्याचा अर्थ, कारणं, घटती शिल्लक म्हणजे काय. त्यानंतर तीन मिनिटं फक्त स्लाइड : खातं भरत जाणं. मग एक मिनिट पुन्हा स्लाइड आणि चेहरा : दरवर्षी सारखाच १०,००० घसारा काढला असता तर तीन वर्षांनी ७०,००० उरले असते, इथे ७२,९०० का उरले? शेवटच्या मिनिटात पुन्हा पडदाभर चेहरा : घरी सोडवायचं उदाहरण.

उजवीकडची पट्टी

आता स्लाइड. पॉवरपॉइंटमधली रुंद स्लाइड ३३.८७ सेंटिमीटर रुंद आणि १९.०५ सेंटिमीटर उंच असते. तिचा उजवीकडचा पाचवा हिस्सा, म्हणजे पावणेसात सेंटिमीटरची उभी पट्टी, चेहऱ्यासाठी राखून ठेवायची. त्यासाठी `View` मधल्या `Slide Master` मध्ये जाऊन त्या पट्टीच्या वरच्या भागात एक करडा चौकोन काढून ठेवावा. मास्टरमध्ये काढलेला चौकोन प्रत्येक स्लाइडवर दिसतो, पण स्लाइड बनवताना चुकून हलत नाही. मजकूर, चित्र, बाण यांतलं काहीही त्या चौकोनाखाली जाऊ द्यायचं नाही. स्लाइड पूर्ण झाल्या की चौकोन काढून टाकायचा.

चौकट वर का, खाली का नाही? यूट्यूबवर उपशीर्षकं खाली येतात. विद्यार्थ्याने बोट लावलं की व्हिडिओ पुढे-मागे करण्याची पट्टी आणि पडदा मोठा करण्याचं बटनही खालीच येतं. तिथे चेहरा ठेवला तर या सगळ्यांशी त्याची गर्दी होते. वर उजवीकडे ठेवल्यास फक्त शीर्षक थोडं आखूड करावं लागतं. चेहऱ्याखाली उरलेल्या पट्टीत त्या स्लाइडचा एखादाच कळीचा शब्द किंवा दर, इथे ‘१० टक्के’, मोठ्या अक्षरात लिहिता येतो.

खातं मात्र या पट्टीत मावत नाही. नावे आणि जमा अशा दोन बाजू, प्रत्येक बाजूला तारीख, तपशील आणि रक्कम. त्याला स्लाइडची पूर्ण रुंदी लागते. म्हणून खात्याच्या स्लाइडवर पट्टी नाही आणि चेहराही नाही. हे आधीच ठरलेलं असल्यामुळे बाईंना खात्याचे रकाने चेपून अक्षरं बारीक करावी लागत नाहीत.

अक्षरांचा हिशेब एकदा स्वतः करून पाहण्यासारखा आहे. स्लाइडची उंची ५४० पॉइंट भरते. डेटा वाचवण्यासाठी विद्यार्थ्याने व्हिडिओ ३६०पी वर पाहिला, तर पूर्ण चित्राची उंची ३६० ठिपके होते. स्लाइडवर १८ पॉइंटमध्ये लिहिलेल्या ओळीच्या वाट्याला त्यातले फक्त १२ ठिपके येतात. देवनागरीत तेवढ्या जागेत वरची वेलांटी, शिरोरेषा, जोडाक्षर आणि खालचा उकार हे सगळं बसवायचं असतं, आणि ‘शिल्लक’मधला ‘ल्ल’ तिथे नुसता डाग होतो. २८ पॉइंटला सुमारे १९ ठिपके मिळतात आणि अक्षर सुटं वाचता येतं. म्हणून खात्यातसुद्धा २८ पॉइंटच्या खाली उतरू नये. तीन वर्षांचं खातं एका स्लाइडवर बसत नसेल तर दर वर्षाची वेगळी स्लाइड करावी. खालची शिल्लक पुढच्या स्लाइडवर वर आणली की ‘शिल्लक खाली आणली’ या नोंदीचा अर्थही विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर दिसतो.

तीन दृश्यं, एक कॅमेरा

पॉवरपॉइंटमध्ये स्वतःची रेकॉर्डिंगची सोय आहे आणि ती कॅमेऱ्याची चौकटही घेते. प्रत्येक स्लाइडचं रेकॉर्डिंग वेगळं राहतं, त्यामुळे एखादी स्लाइड बिघडली तर तेवढीच पुन्हा करता येते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना मधला जो बदलाचा क्षण असतो, त्यात पॉवरपॉइंट आवाज रेकॉर्ड करत नाही. स्लाइड बदलता बदलता बोलत राहिलं की वाक्याचे पहिले शब्द तुटतात. स्लाइड स्थिर झाल्यावरच तोंड उघडायचं, ही सवय जमली तर साध्या तासाला पॉवरपॉइंट पुरेसं आहे.

चेहरा कधी मोठा, कधी छोटा, कधी अजिबात नाही, असं सलग हवं असेल तर ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर सोयीचं पडतं. त्याची कल्पना नाटकातल्या प्रवेशांसारखी आहे. प्रत्येक दृश्यात, म्हणजे सीनमध्ये, काय दिसणार ते आधी मांडून ठेवायचं आणि रेकॉर्डिंग चालू असताना एका बटनाने दृश्य बदलायचं.

आधी `Settings` मधल्या `Video` पानावर दोन्ही मापं `1920x1080` आणि वेग सेकंदाला ३० चित्रं ठेवावा. मग तीन सीन करावेत : ‘मोठा चेहरा’, ‘स्लाइड आणि चेहरा’, ‘फक्त स्लाइड’. पडदा घेण्यासाठी `Display Capture`, कॅमेऱ्यासाठी `Video Capture Device`. दुसऱ्या सीनमध्ये कॅमेरा घालताना नवा सोर्स न बनवता `Add Existing` मधून पहिलाच निवडावा. एकच कॅमेरा दोन वेगळ्या सोर्समध्ये मागितला की बहुधा त्यातला एक काळा पडतो. सोर्सच्या यादीत जो वर असतो तो पडद्यावर पुढे दिसतो. चेहरा दिसतच नसेल तर बहुतेक वेळा तो यादीत स्लाइडच्या खाली गेलेला असतो.

कॅमेऱ्याचं चित्र आडवं असतं. ते तसंच पट्टीत बसवलं तर ३८४ बाय २१६ ठिपक्यांची चौकट होते आणि तिच्यात डोकं जेमतेम एक तृतीयांश उंचीचं. उरलेल्या जागेत भिंत आणि कपाट. त्यापेक्षा `Alt` दाबून चौकटीच्या डाव्या-उजव्या कडा आत ओढाव्यात. तेवढा भाग कापला जातो आणि चित्र चौरस होतं. हा चौरस ३८४ बाय ३८४ ठेवला की डोकं आणि खांदे चौकट भरून टाकतात. एवढं करूनही पूर्ण पडद्याचा जेमतेम ७ टक्के भागच जातो. चेहरा स्पष्ट दिसण्यासाठी चौकट मोठी करण्याआधी नेहमी अशी कापून पाहावी.

दृश्य बदलण्याची बटनं `Settings` मधल्या `Hotkeys` पानावर ठरतात. तिथे साधे आकडे देऊ नयेत. स्लाइड शो चालू असताना आकडा आणि `Enter` दाबलं की पॉवरपॉइंट त्या क्रमांकाच्या स्लाइडवर उडी मारतं. `F5` ने स्लाइड शो सुरू होतो, म्हणून तेही नको. रेकॉर्डिंग सुरू करण्याचं आणि थांबवण्याचं बटनही इथेच नेमून घ्यावं, म्हणजे स्लाइड शो सोडून ओबीएसच्या खिडकीत जावं लागत नाही.

`Display Capture` संपूर्ण पडदा घेतं, त्यामुळे कोपऱ्यात उमटणारा व्हॉट्सअॅपचा निरोपही तासात येतो. रेकॉर्डिंगआधी विंडोजच्या सूचना बंद करून ठेवाव्यात. ओबीएसची खिडकी समोर उघडी असताना पडद्यात पडदा, त्यात पुन्हा पडदा अशी रांग दिसते. ती बिघाडाची खूण नाही. स्लाइड शो सुरू झाला की ती जाते.

उजेड, दिव्याच्या लहरी आणि नजर

छोट्या चौकटीत चेहरा दिसायला महागडा कॅमेरा लागत नाही, पुरेसा उजेड लागतो. खिडकी पाठीमागे असली की कॅमेरा खिडकीला जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. खिडकी समोर किंवा समोरून थोडी तिरकी असावी. उजेड कमी पडला तर अनेक वेबकॅम सेकंदाला ३० ऐवजी १५ चित्रंच घेतात. मग चेहरा अडखळत हलतो आणि ओठ आवाजाशी जुळत नाहीत. अशा वेळी लोक कॉम्प्युटर मंद आहे असं समजतात, पण टेबलावर एक दिवा आणून ठेवला तरी तो दोष जातो.

दिव्यांमुळे येणारा आणखी एक दोष आपल्याकडे हमखास दिसतो. चित्रावरून आडवे फिके पट्टे सरकत राहतात किंवा चेहरा लुकलुकतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि तिच्या लयीत अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. वेबकॅम मात्र कधी कधी अमेरिकेतल्या ६० हर्ट्झवर लावलेला येतो. ओबीएसमध्ये कॅमेऱ्याच्या `Properties` मध्ये `Configure Video` उघडलं की बहुतेक वेबकॅमना `PowerLine Frequency` नावाचा पर्याय मिळतो. तो `50 Hz` केला की पट्टे थांबतात.

स्लाइडचा रंगही चेहऱ्यावर पडतो. पांढऱ्या स्लाइडवरून गडद स्लाइडवर गेलं की लॅपटॉपचा उजेड एकदम कमी होतो. कॅमेरा तो भरून काढायला चित्र उजळवतो आणि चौकटीतला चेहरा प्रत्येक स्लाइडला उजळतो-मावळतो. सगळ्या स्लाइडची पार्श्वभूमी एकच ठेवणं हा यावरचा सोपा उपाय. चष्मा असेल तर पडद्याचा चौकोन काचेत दिसतो. लॅपटॉपच्या पडद्याची चमक कमी करावी, समोरचा दिवा डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर ठेवावा.

लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणावा. नाहीतर चौकटीत हनुवटी आणि मागचं छत दिसतं. ‘मोठा चेहरा’ या दृश्यात थेट कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहून बोलावं. आठवणीसाठी टिपणं लागत असतील तर ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंगाच्या लगत चिकटवावीत. चेहरा छोटा असताना स्लाइडकडे पाहिलं तरी चालतं, उलट ते बरंच असतं, कारण शिक्षक जिकडे बघतो तिकडे विद्यार्थी बघतो. दोन पडदे वापरत असाल आणि स्लाइड बाजूच्या पडद्यावर असेल, तर चौकटीतल्या चेहऱ्याची नजर स्लाइडच्या दिशेने जाते की चित्राबाहेर, हे तपासून घ्यावं. बाहेर जात असेल तर तो पडदा दुसऱ्या हाताला ठेवावा.

ओठ आणि आवाज

चौकट छोटी असली तरी ओठ आणि शब्द जुळत नसले तर ते लगेच खुपतं. कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये पोहोचायला आवाजापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून शब्द आधी ऐकू येतो आणि ओठ मागून हलतात. हा फरक अंदाजाने काढू नये, मोजावा. रेकॉर्डिंग सुरू करून कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी. ती फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून टाळीजवळ थांबवावी आणि `E` हे बटन दाबत एकेक चित्र पुढे न्यावं. सेकंदाला ३० चित्रं असतील तर एक चित्र म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद. टाळीचा आवाज झाल्यावर चार चित्रांनी तळवे मिटलेले दिसले, तर फरक सुमारे १३० मिलिसेकंदांचा आहे. ओबीएसच्या `Advanced Audio Properties` मध्ये माइकसमोर `Sync Offset` या रकान्यात `130` लिहावं. तेवढा आवाज मागे सरकतो. मग पुन्हा टाळी वाजवून खात्री करावी. कॅमेरा किंवा माइक बदलला की हे सगळं नव्याने करायचं.

ब्लूटूथ इअरफोनचा माइक टाळावा. तो वापरात आला की आवाज फोनवरच्या बोलण्यासारखा चपटा होतो आणि त्याचा उशीरही वेगळाच असतो. साधा वायरचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, कपड्याला घासणार नाही असा लावावा. छताचा पंखा बंद. ओबीएसमधली आवाजाची पट्टी बोलताना पिवळ्या भागात राहिली पाहिजे. सतत हिरव्यात असेल तर विद्यार्थ्याला आवाज बारीक वाटतो. टोकाच्या लाल भागाला लागत राहिली तर आवाज फाटण्याचा धोका असतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. माइकच्या `Filters` मध्ये `Noise Suppression` आहे. तो लॅपटॉपच्या पंख्याची घरघर बऱ्यापैकी काढतो. खोलीतला घुमारा मात्र त्याने जात नाही. त्यासाठी पडदे, गाद्या, कपड्यांचं कपाट असलेली खोली निवडावी.

चुकल्यावर कुठून सुरू करायचं

नुसत्या स्लाइड आणि आवाज असेल तर एखादं वाक्य कापणं, बदलणं सोपं असतं, प्रेक्षकाला सांधा दिसत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पातले सुमारे दहा मिनिटांचे पाठ पाहा. त्यांत कॉम्प्युटरचा पडदा आणि निवेदकाचा आवाज एवढंच असतं. त्यामुळे तोच पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत नव्या आवाजात तयार करता येतो. चेहरा आला की ही मोकळीक जाते. वाक्य कापलं तर चौकटीतलं डोकं टुणकन एका जागेहून दुसऱ्या जागी जातं आणि सगळ्यांचं लक्ष नेमकं तिकडे वळतं.

म्हणून चूक झाली की त्याच जागी सावरून पुढे जाऊ नये. दोन क्षण थांबावं, एक टाळी वाजवावी आणि जिथे दृश्य किंवा स्लाइड बदलली होती तिथपासून पुन्हा बोलावं. कापण्याच्या वेळी आवाजाच्या आलेखात टाळीचा उंच सुळका लांबून दिसतो. कापही दृश्य बदलतानाच बसतो, तिथे चित्र तसंही बदलणार असतं. समजा, बाईंनी तिसऱ्या वर्षाचा घसारा ८,१०० ऐवजी ८,००० म्हटला. त्या वेळी ‘फक्त स्लाइड’ हे दृश्य चालू आहे, चेहरा नाही, त्यामुळे तेवढं एक वाक्य पुन्हा म्हणून जोडलं तरी चालतं. तीच चूक तुलनेच्या स्लाइडवर, चेहरा दिसत असताना झाली, तर त्या स्लाइडच्या सुरुवातीला जावं लागतं. आकड्यांच्या जागी चेहरा नसण्याचा हा दुसरा फायदा आहे.

फाइल एमकेव्ही प्रकारात साठवावी. मध्येच वीज गेली किंवा लॅपटॉप बंद पडला तरी तोवरचं रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये शाबूत राहतं. साध्या एमपी-४ फाइलचा शेवट नीट लिहिला गेला नाही तर ती उघडतच नाही. काम झालं की `File` मधल्या `Remux Recordings` ने तिची एमपी-४ करता येते. त्यात चित्राचा दर्जा उतरत नाही आणि वेळही फारसा जात नाही. आठ मिनिटांचा तास सेकंदाला २,५०० किलोबिट या दराने रेकॉर्ड केला तर फाइल १५० एमबीच्या आसपास होते. स्लाइड बहुतांश वेळ स्थिर असल्यामुळे एवढा दर पुरतो.

पूर्ण तासाआधी एक मिनिट

आठ मिनिटं बोलून झाल्यावर कळणारे दोष एका मिनिटातही कळतात. म्हणून आधी एक मिनिटाचा नमुना रेकॉर्ड करावा : वीस सेकंद मोठा चेहरा, वीस सेकंद स्लाइड आणि चेहरा, वीस सेकंद फक्त स्लाइड. नमुन्यात खात्यातली सगळ्यात भरलेली स्लाइड घ्यावी, सोपी नव्हे. तो यूट्यूबवर खासगी ठेवून चढवावा आणि आपल्या लॅपटॉपवर न बघता मोबाइलवर, ३६०पी वर बघावा. आधी फोन आडवा धरून, मग उभा धरून, कारण बरेच विद्यार्थी उभ्या फोनवरच बघतात आणि तिथे चित्र जवळजवळ निम्मं होतं.

बघताना चार प्रश्न स्वतःला विचारावेत. शेवटची शिल्लक वाचता येते का? चेहऱ्याची चौकट सगळ्या अक्षरांपासून मोकळी आहे का? ओठ आणि शब्द एकत्र आहेत का? शेजारच्या खोलीत पंखा चालू असतानाही फोनच्या स्पीकरवर बोलणं समजतं का? यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर दुरुस्ती करून पुन्हा नमुना घ्यावा.

शिक्षक मित्रांनो, पुढचा तास रेकॉर्ड करायला बसाल तेव्हा कॅमेरा सुरू करण्याआधी तुमच्या स्लाइड एकेक करून पाहा आणि प्रत्येकीवर ठरवा : इथे विद्यार्थ्याने माझ्याकडे बघायला हवं की फळ्याकडे? जिथे उत्तर ‘माझ्याकडे’ असेल, तिथे चेहऱ्यासाठी जागा मोकळी ठेवा. जिथे ‘फळ्याकडे’ असेल, तिथे चौकट काढून टाका. आठ मिनिटांच्या आपल्या तासात चेहरा पाच मिनिटं दिसला आणि ७२,९०० हा आकडा कुणाच्याही खांद्यामागे गेला नाही, तर चौकट योग्य जागी बसली असं समजा.